तीन नाणी, आठ निकाल आणि चार संख्या

एक रुपयाचे, दोन रुपयांचे आणि पाच रुपयांचे अशी तीन नाणी एकदम वर उडवली. अशोकस्तंभाची बाजू वर आली तर छापा, किमतीची बाजू वर आली तर काटा. तीनपैकी किती नाण्यांवर छापा येईल? शून्य, एक, दोन किंवा तीन. याखेरीज काही होणे शक्य नाही. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. पुढचा प्रश्न असा: नेमके दोन छापे येण्याची संभाव्यता किती? शक्यता चार आहेत, म्हणून एक चतुर्थांश, हे उत्तर चटकन ओठांवर येते आणि ते चूक आहे. खरे उत्तर ३/८ आहे. एक चतुर्थांश म्हणजे २/८, तेव्हा फरक दिसायला छोटा आहे; पण तो का पडतो हे समजले, तर यादृच्छिक चल म्हणजे काय आणि त्याचे संभाव्यता वस्तुमान फल कसे लिहायचे, या दोन्ही गोष्टी त्याच ओघात समजतात. बारावीच्या पुस्तकात हे दोन शब्द व्याख्येच्या चौकटीत बसवलेले असतात आणि विद्यार्थी ते पाठ करून मोकळे होतात. मला ते नाण्यांपासूनच सुरू करायचे आहेत.

हे चुकीचे उत्तर देणाऱ्यांनी ओशाळायचे कारण नाही, कारण त्यांच्या रांगेत झाँ ल रों दालाँबेर हा अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती उभा आहे. दिदरोबरोबर त्याने संपादित केलेल्या प्रसिद्ध फ्रेंच ज्ञानकोशाचा चौथा खंड १७५४ साली निघाला. त्यात छापा-काट्यावरची नोंद दालाँबेरची आहे. नाणे दोनदा उडवले तर निदान एकदा छापा येण्याची शक्यता किती, असा त्यात प्रश्न आहे. दालाँबेरचा युक्तिवाद असा होता: पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ संपला, दुसरी फेक करायचीच नाही. म्हणजे प्रकार तीनच उरतात. पहिल्याच फेकीत छापा. आधी काटा आणि मग छापा. दोन्ही वेळा काटा. तिनातल्या दोन प्रकारांत आपण जिंकतो, म्हणून उत्तर २/३. वास्तविक उत्तर ३/४ आहे. त्याने सांगितलेले तीन प्रकार खरेच आहेत, त्यातला एकही सुटलेला नाही. चूक एवढीच, की ते तिन्ही सारख्या वजनाचे आहेत असे त्याने धरले. ‘पहिल्याच फेकीत छापा’ या प्रकाराच्या पोटात दोन निकाल दडलेले आहेत, छापा-छापा आणि छापा-काटा. उरलेल्या दोन प्रकारांत प्रत्येकी एकच.

तीन नाण्यांच्या बाबतीत आपल्या हातून नेमके हेच होते. शून्य, एक, दोन, तीन या चार संख्या दिसतात आणि प्रत्येकीच्या मागे किती निकाल उभे आहेत हे न मोजता आपण चौघींना सारखा वाटा देऊन टाकतो. तेव्हा आधी निकाल मोजले पाहिजेत, संख्या नंतर.

निकाल लिहिताना एक शिस्त पाळावी. नाण्यांचा क्रम ठरवून घ्यावा: आधी रुपया, मग दोनचे नाणे, मग पाचचे. रुपयावर छापा असेल ते सगळे निकाल आधी लिहायचे, काटा असेल ते नंतर. त्या प्रत्येक गटात दोनच्या नाण्याचा छापा आधी, काटा नंतर; आणि शेवटी पाचच्या नाण्याचे तसेच. छापा म्हणजे छा आणि काटा म्हणजे का असे लिहिले, तर यादी अशी होते:

छा छा छा
छा छा का
छा का छा
छा का का
का छा छा
का छा का
का का छा
का का का

आठ ओळी. पहिल्या नाण्याचे दोन प्रकार, त्या प्रत्येकाबरोबर दुसऱ्याचे दोन, त्या प्रत्येकाबरोबर तिसऱ्याचे दोन, म्हणून २ × २ × २ = ८. या आठ निकालांच्या संचाला गणितात नमुना अवकाश म्हणतात. नाणी सारखी आणि शिस्त न पाळता मनाला येतील तसे निकाल लिहिले, तर एखादा सुटतो किंवा एखादा दोनदा येतो, आणि पुढचे सगळे गणित फसते.

इथे एक शंका हटकून येते. मी मुद्दाम वेगवेगळ्या किमतीची नाणी घेतली, पण तिन्ही नाणी एक रुपयाची आणि सारखीच चकचकीत असती तर? मग ‘छा छा का’ आणि ‘छा का छा’ यांत फरक कसा करणार? उत्तर असे, की फरक आपल्या डोळ्यांना दिसला नाही तरी नाणी तीनच आहेत आणि प्रत्येक आपापली पडते. नाण्यांवर रंगाचे ठिपके देऊन ती ओळखता येण्याजोगी केली, म्हणून त्यांच्या पडण्यात काही बदल होत नाही. ठिपके नसतानाही दोन छापे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनीच पडत असतात. म्हणून मोजताना नाणी वेगळी धरायची, ती दिसायला सारखी असली तरी.

हे आठ निकाल मराठी वाचकाने दुसऱ्या वेशात नक्की पाहिलेले आहेत. शाळेत अक्षरगणवृत्ते शिकताना ‘यमाताराजभानसलगा’ पाठ केलेले असते. तीन अक्षरांचा एक गण, आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू. म्हणून गण आठच, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. गुरूच्या जागी छापा आणि लघूच्या जागी काटा ठेवला की म गण म्हणजे तिन्ही छापे आणि न गण म्हणजे तिन्ही काटे. आता गुरूंची संख्या मोजून पाहा. म गणात तीन गुरू. य, र आणि त या गणांत दोन-दोन. भ, ज आणि स या गणांत एकेक. न गणात एकही नाही. म्हणजे तीन गुरूंचा गण एक, दोन गुरूंचे तीन, एका गुरूचे तीन आणि शून्य गुरूंचा एक. लघु-गुरूंच्या अशा सगळ्या मांडण्या क्रमाने लिहून काढण्याच्या रीतीला पिंगलाच्या छंदःशास्त्रात प्रस्तार म्हणतात, आणि दहाव्या शतकातल्या हलायुधाने त्यावरील टीकेत मेरुप्रस्तार समजावून सांगितला आहे. १, ३, ३, १ ही त्या मेरूची एक ओळ आहे. आपल्या नाण्यांचे सारे उत्तर याच ओळीत आहे.

आता यादृच्छिक चल. वरच्या यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर एक संख्या लिहा: त्या ओळीत छापे किती. ‘छा छा छा’समोर ३, ‘छा छा का’समोर २, ‘छा का छा’समोर २, ‘छा का का’समोर १, ‘का छा छा’समोर २, ‘का छा का’समोर १, ‘का का छा’समोर १, ‘का का का’समोर ०. प्रत्येक निकालाला एक आणि एकच संख्या देणारा हा जो नियम आहे, तोच यादृच्छिक चल. त्याला X हे नाव देऊ.

ही व्याख्या वाचून बहुतेकांचा थोडा विरस होतो, कारण नावावरून काहीतरी अस्थिर, सतत उड्या मारणारी राशी अपेक्षित असते. पण X हा नियम जराही अस्थिर नाही. ‘छा का छा’ या निकालाला तो आज २ देतो, उद्याही २ देईल. अनिश्चित आहे ते नाण्यांचे पडणे. आठांपैकी कोणता निकाल पडेल हे आपल्या हाती नाही. एकदा तो पडला की त्याला कोणती संख्या द्यायची हे आधीच ठरलेले आहे. दैवाचे काम पहिल्या टप्प्यात संपते, दुसरा टप्पा निव्वळ मोजणीचा. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितीने १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या छोट्या पुस्तकात संभाव्यताशास्त्राची जी मांडणी केली, तिच्यात यादृच्छिक चल म्हणजे निकालांच्या संचावरचे फल, अशीच व्याख्या आहे, आणि आजची पाठ्यपुस्तके तीच चालवतात.

संख्या द्यायची कशासाठी, असेही कोणी विचारेल. निकाल म्हणजे छापा-काट्यांची मांडणी. तिची बेरीज करता येत नाही, सरासरी काढता येत नाही, ‘दोनपेक्षा जास्त’ असेही तिच्याविषयी बोलता येत नाही. संख्या दिली की हे सगळे करता येते. मात्र संख्या देताना काही माहिती आपण सोडून देतो, हे लक्षात असू द्यावे. X = २ एवढेच कळले तर कोणत्या नाण्यावर काटा होता ते कळत नाही. तीन वेगळे निकाल एकाच संख्येत मिसळून गेलेले असतात.

संभाव्यता वस्तुमान फल लिहिणे म्हणजे या मिसळण्याचा हिशेब ठेवणे. नाणी चोख असतील तर आठ निकालांपैकी प्रत्येकाची संभाव्यता १/८. आता एकेक संख्या घ्यायची आणि तिच्या मागे उभे असलेले सगळे निकाल गोळा करून त्यांच्या संभाव्यतांची बेरीज करायची. ० या संख्येमागे एकच निकाल आहे, ‘का का का’, म्हणून १/८. १ या संख्येमागे तीन निकाल: ‘छा का का’, ‘का छा का’ आणि ‘का का छा’; म्हणून १/८ + १/८ + १/८ = ३/८. २ या संख्येमागेही तीन: ‘छा छा का’, ‘छा का छा’ आणि ‘का छा छा’, पुन्हा ३/८. ३ या संख्येमागे एकटा ‘छा छा छा’, १/८.

कागदावर हे मांडताना दोन अक्षरे वापरतात आणि नवख्यांची गल्लत तिथेच होते. मोठा X म्हणजे नियम, ‘छापे मोजा’ हा. छोटा x म्हणजे त्या नियमातून निघू शकणारी एखादी ठराविक संख्या. म्हणून P(X = x) याचे वाचन असे करावे: छापे मोजल्यावर x ही संख्या निघण्याची संभाव्यता. x च्या जागी २ घातले की P(X = २), म्हणजे दोन छापे निघण्याची संभाव्यता. हीच गोष्ट थोडक्यात f(x) अशी लिहितात. मग आपले वस्तुमान फल असे होते:

f(०) = १/८
f(१) = ३/८
f(२) = ३/८
f(३) = १/८
x ची इतर कोणतीही किंमत असेल तर f(x) = ०

शेवटची ओळ बरेच जण गाळतात. त्यांना वाटते, चार किमती लिहिल्या की काम झाले. पण फल म्हणजे कोणतीही संख्या विचारली तरी उत्तर देणारी गोष्ट. कोणी f(४) विचारले, f(१.५) विचारले, तर उत्तर तयार हवे, आणि ते उत्तर शून्य आहे: तीन नाण्यांवर चार छापे येत नाहीत, दीड छापाही येत नाही. परीक्षेत या ओळीला गुण असतात म्हणून नव्हे, तर तिच्यावाचून फल अर्धवट राहते म्हणून ती लिहावी. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे x = ० विसरणे. ‘छापे किती’ असे विचारले की मन एकपासून मोजू लागते आणि एकही छापा नसलेला निकाल बाहेर राहतो.

असे काही सुटले आहे का हे तपासायची सोय फलातच आहे. कोणत्याही वस्तुमान फलाची एकही किंमत ऋण नसते आणि सगळ्या किमतींची बेरीज बरोबर १ असते. आपली बेरीज १/८ + ३/८ + ३/८ + १/८ = ८/८ = १. शून्य विसरलेल्याची बेरीज ७/८ भरेल आणि काहीतरी हरवले हे त्याला तिथेच कळेल. पण या तपासणीला मर्यादा आहे. सुरुवातीच्या चुकीच्या उत्तरात चारही संख्यांना १/४ दिले होते. त्यांचीही बेरीज १ च भरते आणि ऋण काहीच नसते. म्हणजे बेरीज जुळली नाही तर उत्तर नक्की चूक. जुळली म्हणून ते बरोबरच आहे असे मात्र नाही. दालाँबेरच्या प्रकारची चूक या चाळणीतून सहीसलामत निसटते. ती पकडायची तर निकालांच्या यादीकडेच परत जावे लागते.

फल एकदा लिहिले की प्रश्नांची उत्तरे नुसत्या बेरजेने मिळतात. किमान दोन छापे? f(२) + f(३) = ४/८, म्हणजे निम्मी. जास्तीत जास्त एक छापा? f(०) + f(१) = ४/८. निदान एक छापा? इथे तीन किमतींची बेरीज करण्यापेक्षा १ मधून f(०) वजा करणे सोपे: ७/८. ‘किमान’ आणि ‘जास्तीत जास्त’ या शब्दांपाशी घाई करू नये. किमान दोन यात दोन धरायचे असतात, दोनपेक्षा जास्त यात नाही. उत्तरात एकदम ३/८ चा फरक पडतो.

आठ निकाल न लिहिताही हे फल सूत्राने मांडता येते: f(x) = ³Cₓ × (१/२)³, जिथे x = ०, १, २, ३. यातला (१/२)³ म्हणजे १/८, कोणत्याही एका निकालाची संभाव्यता. ³Cₓ म्हणजे तीन नाण्यांतून छापा पडणारी x नाणी किती तऱ्हांनी निवडता येतात ती संख्या. x ला ०, १, २, ३ या किमती दिल्या की १, ३, ३, १ मिळतात. दहा नाणी असतील तर १०२४ ओळी कोण लिहीत बसणार, तिथे सूत्राला पर्याय नाही. पण ज्याने एकदा तरी आठ ओळी हाताने लिहिल्या आहेत त्यालाच सूत्रातला तो गुणक कुठून आला हे दिसते, असे माझे स्पष्ट मत आहे. सूत्र आधी शिकवण्याची घाई करू नये.

आता त्याच तीन नाण्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू. छापे मोजण्याऐवजी छापा पडलेल्या नाण्यांचे रुपये मोजा. या नव्या चलाला Z म्हणू. ‘छा छा छा’ पडले तर १ + २ + ५ = ८ रुपये. ‘छा छा का’ला ३, ‘छा का छा’ला ६, ‘छा का का’ला १, ‘का छा छा’ला ७, ‘का छा का’ला २, ‘का का छा’ला ५ आणि ‘का का का’ला ०. आठही संख्या वेगळ्या आल्या, एकही पुन्हा आली नाही. त्यामुळे इथे काहीच मिसळले नाही: ०, १, २, ३, ५, ६, ७, ८ या प्रत्येक किमतीला १/८. मधला ४ गायब आहे हे बघा. एक, दोन आणि पाच रुपयांचे एकेकच नाणे घेऊन चार रुपये होत नाहीत, म्हणून f(४) = ०. उलट रक्कम कळली की कोणत्या नाण्यावर छापा होता तेही कळते. X ने सोडून दिलेली माहिती Z जपून ठेवतो.

तिसरा चल घेऊ. एकच नाणे तीनदा उडवले असे समजा आणि बाजू किती वेळा बदलली ते मोजा. ‘छा छा छा’मध्ये बदल शून्य, ‘छा छा का’मध्ये एक, ‘छा का छा’मध्ये दोन. आठही ओळी अशा तपासल्या तर शून्य बदलाच्या दोन ओळी निघतात, एका बदलाच्या चार आणि दोन बदलांच्या दोन. फल झाले f(०) = २/८, f(१) = ४/८, f(२) = २/८. नाणी तीच, फेकी त्याच, नमुना अवकाशही तोच. तीन वेगळ्या नियमांनी तीन वेगळी फले दिली. म्हणून ‘तीन नाण्यांचे वस्तुमान फल काढा’ हा प्रश्नच अपुरा आहे. आधी कोणता चल ते सांगावे लागते.

इथवर प्रत्येक निकालाला १/८ देत आलो, ते दोन गृहीतांच्या बळावर. एक, प्रत्येक नाणे चोख आहे, छापा आणि काटा दोघांनाही निम्मी-निम्मी संधी. दुसरे, नाणी एकमेकांच्या प्रभावाखाली नाहीत. पहिल्या गृहीताची सर्वांत चिकाटीने केलेली पडताळणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. जॉन केरिच हे दक्षिण आफ्रिकेत शिकवणारे गणिती डेन्मार्कमध्ये असताना जर्मन फौजा तिथे घुसल्या आणि ते नजरकैदेत अडकले. त्या कैदेत त्यांनी एक नाणे १०,००० वेळा उडवून प्रत्येक निकाल टिपून ठेवला. छापे आले ५,०६७. निम्म्याच्या अगदी जवळ, आणि नाणे चोख असताना एवढा थोडा इकडेतिकडे फरक पडणारच.

नाणे चोख नसेल तर काय? समजा तिन्ही नाणी अशी वाकलेली आहेत, की प्रत्येकावर छापा पडण्याची संभाव्यता ०.६ आणि काटा पडण्याची ०.४ आहे. निकाल आठच राहतात, X चा नियमही तोच राहतो. बदलतात ती निकालांची वजने. ‘का का का’चे वजन ०.४ × ०.४ × ०.४ = ०.०६४. एका छाप्याच्या प्रत्येक निकालाचे ०.६ × ०.४ × ०.४ = ०.०९६, आणि असे निकाल तीन, म्हणून ०.२८८. दोन छाप्यांच्या प्रत्येक निकालाचे ०.६ × ०.६ × ०.४ = ०.१४४, तिनांचे मिळून ०.४३२. तीन छाप्यांचे ०.२१६. बेरीज करून पाहा: ०.०६४ + ०.२८८ + ०.४३२ + ०.२१६ = १. म्हणजे नुसते निकाल मोजून आठाने भागणे ही वस्तुमान फल काढण्याची खरी पद्धत नाही. ती फक्त सारख्या वजनांच्या वेळची सोय आहे. खरी पद्धत म्हणजे निकालांची वजने गोळा करणे.

दुसरे गृहीत अधिक फसवे आहे. तीन चोख नाणी, तिन्ही छापे एकाच दिशेला ठेवून, डिंकाने एकावर एक चिकटवा आणि तो गठ्ठा उडवा. आणि समजा, तो दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो. प्रत्येक नाणे वेगळे पाहिले तर अजूनही निम्म्या वेळा छापा, निम्म्या वेळा काटा. एकाही नाण्यात खोट नाही. तरीही आठांतले सहा निकाल आता पडूच शकत नाहीत. X च्या किमती उरल्या दोनच: f(०) = १/२ आणि f(३) = १/२. म्हणजे एकेका नाण्याची संभाव्यता माहीत असली तरी तेवढ्यावर X चे फल लिहिता येत नाही, नाणी परस्परांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत हेही कळावे लागते. व्यवहारात नाणी कोणी चिकटवत नाही, पण एकमेकांशी बांधलेल्या गोष्टी खूप असतात. एका गावातल्या तीन शेतांत पाऊस पडेल का, हे तीन स्वतंत्र प्रश्न नव्हेत. तिथे ³Cₓ चे सूत्र लावले तर उत्तर सुबक येईल आणि चूक येईल.

ज्याला अजून १/४ चेच उत्तर खरे वाटत असेल त्याने तीन सुटी नाणी घेऊन ऐंशी वेळा उडवावीत आणि प्रत्येक वेळी किती छापे आले याची एक रेघ ओढावी. चारही संख्या सारख्या वजनाच्या असतील तर प्रत्येकीपुढे साधारण वीस रेघा याव्यात. आपले फल खरे असेल तर ० पुढे सुमारे दहा, १ पुढे सुमारे तीस, २ पुढे तीस आणि ३ पुढे दहा. आकडे नेमके येणार नाहीत. दहाच्या जागी सात किंवा तेरा, तिसाच्या जागी सव्वीस किंवा चौतीस आले तर त्यात नवल नाही. पण टोकाच्या दोन्ही संख्यांपुढे वीस-वीस रेघा येणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. तसे झालेच तर आधी नाणी तपासावीत, आणि उडवताना ती एकमेकांना चिकटून तर पडत नाहीत ना तेही पाहावे.

ते झाल्यावर तिनात दहा रुपयांचे नाणे मिसळा आणि चार नाण्यांसाठी छाप्यांच्या संख्येचे फल सूत्र न वापरता स्वतः लिहून काढा. ओळी सोळा होतील. रुपयाचा छापा आधी, काटा नंतर, हीच शिस्त पाळा. शून्यापासून चारपर्यंतच्या किमतींना अनुक्रमे १/१६, ४/१६, ६/१६, ४/१६ आणि १/१६ आले, तर तुमची यादी बरोबर आहे.